तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू

जन्मजात मोतीबिंदूत बाळाच्या डोळ्यातील भिंग जन्मतःच किंवा जन्मानंतर लवकरच गढूळ असते. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो, काही वेळा गरोदरपणी आईला झालेल्या रुबेलाच्या संसर्गामुळे होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. वृद्धांच्या मोतीबिंदूशी त्याचे नाव एक असले, तरी प्रश्न वेगळा आहे. सत्तरीतल्या माणसाचा मेंदू पाहायला केव्हाच शिकलेला असतो. त्यामुळे शस्त्रक्रिया सहा महिने लांबली तरी त्यानंतर सहसा पुन्हा नीट दिसू लागते. नवजात बाळाच्या मेंदूला मात्र पाहणे अजून शिकायचे असते. त्यासाठी दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट प्रतिमा यावी लागते, आणि हे शिकण्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवले. एका डोळ्याची पापणी सुरुवातीच्या काळात शिवून ठेवली आणि नंतर उघडली. डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देत नव्हत्या. त्यांचा ताबा दुसऱ्या डोळ्याने घेतला होता. प्रौढ मांजराचा डोळा तसाच झाकला, तर असे काही होत नसे. या संशोधनाला 1981 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बाळाच्या दाट मोतीबिंदूत नेमके हेच घडते.

म्हणून एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर साधारण सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानतात. दोन्ही डोळ्यांत असेल तर थोडी अधिक मुभा असते, सुमारे आठ आठवड्यांची. त्यापुढे डोळे सतत लटपटू लागण्याचा धोका वाढतो. हे लटपटणे एकदा रुळले की पुढे नजर पूर्ण सुधारण्याची आशा कमी होते. पण फार घाई करूनही चालत नाही. चार आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास पुढे काचबिंदू होण्याचा धोका वाढतो, शिवाय इतक्या लहान बाळाला भूल देणेही जोखमीचे असते. गढूळपणा लहान असेल आणि त्याच्या कडेने दृष्टिपटल नीट दिसत असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवतात.

एक उदाहरण घेऊ. पाच आठवड्यांच्या मुलीच्या दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसतात. डोळ्यांत प्रकाश टाकल्यावर आतून येणारी नेहमीची लालसर चमक येत नाही. पांढरी बाहुली डोळ्याच्या कर्करोगातही दिसते, म्हणून आधी ती शक्यता तपासून दूर करतात. मग सातव्या आठवड्यात एका डोळ्याची आणि साधारण आठवड्याने दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होते. बाळाचे भिंग मऊ असल्याने ते ओढून घेता येते. पण भिंगामागचा पडदा तसाच ठेवला, तर तो थोड्याच काळात पुन्हा गढूळ होतो. म्हणून त्यालाही मध्यभागी छिद्र पाडतात आणि त्यामागचा थोडा जेलीसारखा पदार्थ काढतात.

अनेक पालकांना इथे उपचार संपला असे वाटते, आणि नुकसान बहुधा इथेच होते. भिंग काढल्यावर डोळ्यात प्रकाश जातो, पण प्रतिमा अतिशय धूसर राहते, आणि धूसर प्रतिमेतून मेंदू काही शिकत नाही. म्हणून काही दिवसांतच मुलीला जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. नंबर प्लस वीसच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो. त्यात आणखी दोन-तीन नंबर मुद्दाम वाढवतात, कारण तान्ह्या बाळाचे जग हाताच्या अंतरावरचे असते: आईचा चेहरा, दूध, खुळखुळा. जन्मतः सुमारे 17 मिलिमीटर लांबीचा डोळा मोठेपणी 23 ते 24 मिलिमीटर होतो, आणि सर्वाधिक वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. त्यामुळे नंबर उतरत जातो आणि दर काही महिन्यांनी चष्मा बदलावा लागतो. जुना चष्मा घातलेले मूल पुन्हा धूसरच पाहते.

मग डोळ्यातच कृत्रिम भिंग का बसवत नाहीत? एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांवरच्या अमेरिकेतील अभ्यासात साडेचार वर्षांच्या वयाला दोन्ही पद्धतींत दृष्टी जवळपास सारखीच आढळली, पण भिंग बसवलेल्या बाळांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त वेळा करावी लागली. दोन्ही गटांतील जवळपास निम्म्या मुलांची त्या डोळ्याची दृष्टी फारच कमी राहिली. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची अडचण अशी की चांगला डोळा मेंदूवर ताबा मिळवतो. त्यासाठी रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते, आणि तेही काही वर्षे. बाळ पट्टी ओढून काढते, रडते. हा भाग पालकांना सर्वांत जड जातो.

शस्त्रक्रियेनंतर काचबिंदू काही महिन्यांनी किंवा बऱ्याच वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून डोळ्यांतील दाब आयुष्यभर तपासत राहावा लागतो. डोळ्यांतून पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसणे ही त्याची लक्षणे. दाबामुळे डोळा ताणून लांब होत असल्याने चष्म्याचा प्लस नंबर अपेक्षेपेक्षा वेगाने उतरणे हेही तितकेच धोक्याचे लक्षण आहे.