‘मदत’ या शब्दाआडचा हिशोब : डॉ. आंबेडकरांच्या परदेशातील शिक्षणाची आर्थिक बाजू

चरित्रवाङ्मयाचा अभ्यास करताना आपल्याला एक वाक्य वारंवार भेटते : ‘अमुक महाराजांच्या मदतीने ते उच्च शिक्षणासाठी परदेशी गेले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि बहुधा खरेही असते. तरीही अभ्यासकाच्या दृष्टीने ते अपुरे आहे, कारण ‘मदत’ हा शब्द परस्परांहून अगदी भिन्न असे व्यवहार एकाच पांघरुणाखाली झाकतो. दान, शिष्यवृत्ती, करारबद्ध वेतन, हातउसने कर्ज आणि स्वतःची बचत या पाच गोष्टींत घेणाऱ्यावर पडणारे बंधन वेगवेगळे असते. प्रस्तुत घटकात आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 1913 ते 1923 या काळातील शिक्षण उदाहरण म्हणून घेणार आहोत आणि प्रत्येक टप्प्यावर पैसा कोणाचा होता व कोणत्या अटीवर आला होता, हे तपासणार आहोत.

शिष्यवृत्ती आणि करार

सुरुवात मुंबईतून होते. भीमराव 1907 मध्ये मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे वडील रामजी सुभेदारांना महाविद्यालयाचा खर्च झेपेना, तेव्हा याच केळूसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपये मिळू लागले. पैसा बडोद्याचा होता, परंतु तो तिथून इथवर पोचवणारी व्यक्ती एक शिक्षक होती. देणाऱ्याचे नाव इतिहासात ठळक राहते, मध्यस्थाचे पुसट होते. म्हणून शोध घेताना ‘पैसे कोणी दिले’ याच्या जोडीला ‘शिफारस कोणी केली’ हा प्रश्नही विचारावा.

बी. ए. झाल्यावर 1913 च्या आरंभी भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, आणि थोड्याच दिवसांत, 2 फेब्रुवारी रोजी, वडिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर महाराजांनी त्यांची अमेरिकेतील शिक्षणासाठी निवड केली. 4 जून 1913 रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, या त्यातील दोन मुख्य अटी होत्या. शिष्यवृत्तीची रक्कम तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड ठरली.

येथे क्षणभर शब्दाकडे पाहू. ‘वृत्ती’ म्हणजे निर्वाहाचे साधन. ‘वतन-वृत्ती’ या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे, आणि जुन्या व्यवस्थेत वृत्तीबरोबर सेवेचे कर्तव्य येतच असे. बडोद्याच्या करारात नेमके हेच दिसते. आज आपण शिष्यवृत्ती म्हणजे परतफेड नसलेले साहाय्य असे गृहीत धरतो. ही शिष्यवृत्ती मात्र दहा वर्षांच्या भावी सेवेची आगाऊ किंमत होती. यात महाराजांच्या औदार्याला उणेपणा येत नाही, कारण त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणाला अशा कराराला योग्य समजणे हीच मोठी गोष्ट होती. मात्र पुढे जे घडले त्याचा उलगडा या अटीशिवाय होत नाही.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या वेळी एक रुपया सोळा पेन्सांचा, म्हणजे एक पौंड पंधरा रुपयांचा होता. महिन्याची रक्कम सुमारे 172 रुपये होते. मुंबईतल्या 25 रुपयांच्या मानाने ती भरघोस वाटते, परंतु न्यूयॉर्कमध्ये तिचे साधारण 56 डॉलरच होत असत, आणि त्यांतूनच काही भाग मुंबईतील कुटुंबासाठी काढावा लागे. शिष्यवृत्तीचा आकडा देताना ती कोणत्या चलनात ठरली आणि कोणत्या चलनात खर्च झाली, या दोन्ही गोष्टी पाहिल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ येत नाही.

मुदत संपते तेव्हा

कोलंबिया विद्यापीठात 1915 मध्ये एम. ए. झाले आणि 1916 मध्ये पीएच. डी.साठीचा प्रबंध तयार झाला. त्याच वर्षी आंबेडकर लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मूळ तीन वर्षे संपली होती. महाराजांनी मुदत वाढवून दिली, पण ती थोडीच. 1917 मध्ये पैसा थांबला आणि अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक दूरदर्शी गोष्ट केली : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. विद्यापीठाचे दार किलकिले राहिले, पैशाचे मात्र बंद झाले होते.

आता कराराची दुसरी बाजू सुरू झाली. सप्टेंबर 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास हजर झाले. बडोद्याच्या खर्चाने शिकल्यामुळे आपण करारान्वये तेथील सेवेस बांधलेले होतो, हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच आठवणींत पुढची हकिगत आहे. शहरात त्यांना कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून, रोजच्या दीड रुपयावर ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दहा वर्षांच्या सेवेचा करार दोन आठवडेही टिकला नाही. करारात अभ्यासाचे विषय लिहिले होते, सेवेची वर्षे लिहिली होती, पण सेवकाने राहायचे कोठे, याची तरतूद कोणत्याच कलमात नव्हती. संस्थानचा प्रमुख पाठीशी असूनही त्याच्या राजधानीत एक खोली मिळू नये, हे या शिष्यवृत्तीच्या मर्यादेचे मला सर्वांत बोलके प्रमाण वाटते.

दुसरी खेप : कर्ज, साहाय्य आणि बचत

1920 मधील लंडनची दुसरी खेप सर्वस्वी निराळ्या पैशावर उभी होती. या वेळी एकच आश्रयदाता नव्हता. नोव्हेंबर 1918 मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा 450 रुपये. मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्या वर्षाच्या मध्यास ते लंडनला निघाले. जवळ स्वतःची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे आर्थिक साहाय्य होते आणि न्यूयॉर्कमधील सहाध्यायी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज होते.

बचतीचा आकडा कसा पडताळावा ते पाहा. नोकरीचा काळ सुमारे सोळा महिन्यांचा. सोळा गुणिले 450 म्हणजे 7200 रुपये, हा झाला एकूण पगार. समजा, एखाद्या लोकप्रिय लेखात ‘पगारातून सात हजार शिल्लक टाकले’ असे वाचायला मिळाले. तसे असेल तर मुंबईतील संपूर्ण कुटुंबाचा सोळा महिन्यांचा खर्च 200 रुपयांत भागला, असे मानावे लागेल. तेव्हा एक तर आकडा फुगलेला आहे, किंवा पगाराखेरीज दुसरे उत्पन्न होते. लेखक खोटे लिहितो असे यातून सिद्ध होत नाही. कागद पुन्हा पाहायला हवेत, एवढेच सिद्ध होते. साधा गुणाकार हे चरित्राच्या अभ्यासकाचे चांगले साधन आहे आणि साहित्याचे विद्यार्थी ते फार क्वचित वापरतात.

या तीन वाटांपैकी कर्जाचा स्वभाव वेगळा. ते मित्राने दिले होते, त्यात सेवेची अट नव्हती, अभ्यासाच्या विषयावर बंधन नव्हते. म्हणूनच या खेपेस विषयाची निवड पूर्णपणे त्यांची स्वतःची होती. परंतु रुपयांत जमवलेला पैसा लंडनमध्ये पौंडांत खर्चायचा होता, आणि नेमक्या याच काळात रुपयाचा भाव हेलकावे खात होता. 1920 मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांवर स्थिर करण्याचे धोरण स्वीकारले, पण ते टिकले नाही. 1921 मध्ये रुपया पुन्हा सोळा पेन्सांच्या आसपास, काही काळ त्याहूनही खाली आला. दोन शिलिंगांच्या भावाने 5000 रुपयांचे 500 पौंड होतात. सोळा पेन्सांच्या भावाने 333 पौंड. प्रत्यक्षात कोणती रक्कम कोणत्या दिवशी बदलून घेतली यावर नेमका तोटा-फायदा ठरतो, तरी कर्ज काढून परदेशात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशाला हा फरक जाणवल्याखेरीज राहत नाही. त्याच विद्यार्थ्याच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. विषय खिशातून सुचला असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल, कारण चलनाचा वाद तेव्हा सर्वच अर्थशास्त्रज्ञांपुढे होता. पण ही दोन टिपणे शेजारी शेजारी ठेवावीत.

1921 मध्ये एम. एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर, आणि मार्च 1923 मध्ये अडथळा : परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले. पैसे संपत आले होते. आंबेडकर एप्रिलमध्ये मुंबईस परतले, दुरुस्त प्रबंध येथूनच पाठवला, आणि वर्षअखेर पदवी मिळाली.

अर्पणपत्रिका हाही कागदच

शेवटी एका दुर्लक्षित साधनाकडे वळू. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पीएच. डी. मिळत नसे. छपाईचा खर्च शिष्यवृत्तीत बसणारा नव्हता. 1916 मध्ये सिद्ध झालेल्या संशोधनाची पदवी 1927 मध्ये हाती पडली, या दीर्घ अंतराचे एक कारण येथे सापडते. हा ग्रंथ, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीविषयीचा, लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने 1925 मध्ये काढला. त्याची अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांच्या नावे आहे आणि आपल्या शिक्षणाच्या कामी त्यांनी केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता तीत स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. त्याआधी, 1923 मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला होता.

या दोन अर्पणपत्रिका पैशाच्या दोन खेपांशी जुळवून वाचा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीच्या काळात सुरू झालेले काम बडोद्याच्या महाराजांना, आणि कर्ज व बचतीवर पुरे केलेले काम आईवडिलांना. बडोदे सोडून आठ वर्षे झाली होती, सेवेची अट अपुरी राहिली होती, त्या शहराची आठवण कडू होती. तरीही छापील पानावर राजा आणि त्याचे नगर यांची गल्लत आंबेडकरांनी होऊ दिलेली नाही.