साडेतीन फेऱ्यांची परीक्षा

कॅरम बोर्ड घेणारा बहुतेक वेळा वरची चकाकी पाहतो. मुरलेला खेळाडू मात्र बोर्डावर चिमूटभर बोरिक पावडर पसरून स्ट्रायकर सोडतो. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत हीच कसोटी आहे: पूर्ण ताकदीने मारलेला १५ ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर समोरासमोरच्या दोन फ्रेमींमध्ये किमान साडेतीन वेळा ये-जा करायला हवा.

या फेऱ्या दोन गोष्टींवर ठरतात. पहिली म्हणजे फ्रेम. लाकूड मऊ किंवा हलकं असेल, तर ते धक्का गिळतं आणि स्ट्रायकर दमून परततो. म्हणून नियम शिसवासारखं कठीण लाकूड सांगतात. शिसम आणि बाभळीच्या फ्रेमीही बाजारात मिळतात. फ्रेमची रुंदी ६.३५ ते ७.६० सेंटीमीटर आणि खेळाच्या पृष्ठभागावरची उंची १.९० ते २.५४ सेंटीमीटर असावी लागते. दुकानदार ‘तीन बाय दोन’ म्हणतो तेव्हा दोन इंचांत प्लायच्या खालचा भागही धरलेला असू शकतो, त्यामुळे वर दिसणारी उंची पट्टीने मोजावी.

दुसरी गोष्ट प्लाय. नियमाप्रमाणे जाडी किमान ८ मिलिमीटर हवी. घरच्या खेळाला तेवढी चालते, पण रोज खेळल्या जाणाऱ्या क्लबात १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड प्लाय बरा, कारण तो सहजी वाकत नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पातळ प्लाय दमट हवेने फुगतो आणि मध्ये उंचवटा येतो. मग हळू सोडलेली सोंगटी सरळ न जाता कडेला वळते. हा दोष पाहायला स्टीलची पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरावी. खालून उजेड दिसला, तर पृष्ठभाग सपाट नाही.

पॉलिशचा थर पातळ आणि सगळीकडे सारखा हवा. जाड, चिकट थरावर पावडर टाकूनही स्ट्रायकर अडखळतो.

सिस्का, सुरको आणि सिंको ही नावं मुंबई-पुण्याच्या खेळाडूंच्या तोंडी असतात. तरीही एकाच कंपनीचे स्वस्त आणि स्पर्धेचे बोर्ड वेगळे असतात. केवळ नाव पाहून न घेता त्या मॉडेलला कॅरम संघटनेची मान्यता आहे का, ते विचारावं.

स्ट्रायकरचं वजन १५ ग्रॅमच्या वर आणि व्यास ४.१३ सेंटीमीटरच्या वर चालत नाही; धातू आणि हस्तिदंतही निषिद्ध. वजनाची शंका सोनाराच्या काट्यावर फिटते. काचेवर ठेवून कडेला दाबल्यावर स्ट्रायकर डुगडुगला, तर तो बदलून घ्यावा. सोंगट्यांचंही वजन पाहावं: प्रत्येकी ५ ते ५.५ ग्रॅम.