चार आहेत, पण कोण चार?

‘देअर आर फोर आउटसाइड.’ बाहेर चार आहेत. इंग्रजीत हे वाक्य पूर्ण आहे. चार काय, हे मागच्या बोलण्यावरून ओळखायचं. हेच वाक्य जपानीत सांगायचं, तर तोंड उघडण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: बाहेर माणसं आहेत, कुत्री आहेत की मोटारी? माणसं असतील तर ‘सोतो नि योनिन इमास’. कुत्री असतील तर ‘योन्हिकी इमास’. मोटारी उभ्या असतील तर ‘योन्दाई आरिमास’. तिन्ही वाक्यांत नाम नाही, तरी ऐकणाऱ्याला बाहेर काय आहे याचा अंदाज येतो. ‘निन’, ‘हिकी’ आणि ‘दाई’ ही आकड्याला चिकटणारी शेपटं ते काम करतात. जपानी व्याकरणात त्यांना ‘जोसूशी’ म्हणतात.

पुण्या-मुंबईतले जपानीचे विद्यार्थी ही शेपटं बहुधा इंग्रजी वाक्यांवरून पाठ करतात. थ्री पीपल म्हणजे सान्निन, थ्री कॅट्स म्हणजे साम्बिकी, थ्री कार्स म्हणजे सान्दाई. मग मराठी अर्थ लिहिताना तिन्हीकडे ‘तीन’ येतं आणि शेपूट गळून पडतं. हा वळसा खरं तर नको आहे. निदान माणसांच्या बाबतीत तरी जपानीला जे हवं ते इंग्रजीत नाही, मराठीत आहे.

‘बाहेर चौघे आहेत’ असं कुणी म्हटलं, तर ती माणसंच असणार. चार खुर्च्यांना कुणी चौघे म्हणत नाही. दोघे, तिघे, चौघे हे शब्द मराठीने माणसांसाठी राखून ठेवलेत आणि पाचापासून ‘जण’ हाताशी येतो: पाच जण, सहा जणी. जपानीतही माणसं मोजताना सुरुवातीची रूपं वेगळी आहेत. एकाला ‘हितोरी’, दोघांना ‘फुतारी’. तिघांपासून मात्र सरळ ‘निन’ लागतो: सान्निन, योनिन, गोनिन. ‘हितोरी’चं आपल्या ‘एकटा’शीही चांगलं जुळतं, कारण ‘हितोरी दे’ म्हणजे एकट्याने. अकिरा कुरोसावांच्या १९५४ सालच्या ज्या चित्रपटाला जग ‘सेव्हन सामुराई’ म्हणतं, त्याचं जपानी नाव ‘शिचिनिन नो सामुराई’ आहे. सात हा आकडा तिथे उघडा येत नाही, ‘सात जण’ असाच येतो.

चार माणसांसाठीचं रूप नवशिक्याला हमखास अडवतं. चारला जपानीत ‘शि’ आणि ‘योन’ असे दोन उच्चार आहेत. ‘शि’ म्हणजे मृत्यूही, त्यामुळे तो शक्यतो टाळतात. पण माणसांपुढे ‘योन्निन’ही होत नाही, ‘योनिन’ होतं. कुत्र्यांना मात्र ‘योन्हिकी’ आणि मोटारींना ‘योन्दाई’.

जपानमधल्या उपाहारगृहाच्या दारात हा हिशोब रोज होतो. वाढपी विचारतो, ‘नान्मेइसामा देस का?’ इथला ‘मेइ’ हाही माणसांसाठीच, पण अदबीचा. उत्तर देणारा स्वतःला अदबीने मोजत नाही, तो साधं ‘फुतारी देस’ म्हणतो. इंग्रजीत हा संवाद ‘हाउ मेनी?’ ‘टू’ एवढ्यावर आटोपतो. त्यावरून मराठी केलं तर ‘किती?’ ‘दोन’ होईल आणि ग्राहक वडे मागवतोय असं वाटेल. जपानीवरून थेट केलं तर ‘किती जण आहात?’ ‘दोघं’ असं सहज उतरतं.

अडचण इथून पुढे आहे. ‘फुतारी’ला लिंग नाही. दोन पुरुष, दोन बायका, नवरा-बायको, सगळे फुतारीच. मराठीला मात्र दोघे, दोघी किंवा दोघं यांतलं एक निवडावंच लागतं. जोडपं असेल तर ‘दोघं’ चालतं. पण दारात दोन मैत्रिणी उभ्या असतील तर ‘दोघी’ हवं आणि ते जपानी वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही, प्रसंगातूनच काढावं लागतं. उलट दिशेला ‘दोघी आल्या’चं ‘फुतारी किमाश्ता’ झालं की त्या बायका होत्या ही माहिती विरून जाते. ती महत्त्वाची असेल तर वेगळा शब्द घालून सांगावी लागते.

लहान प्राण्यांचं ‘हिकी’ मराठीत आणायला अवघड नाही, उच्चारायला अवघड आहे. एक इप्पिकी, दोन निहिकी, तीन साम्बिकी, चार योन्हिकी, सहा रोप्पिकी, आठ हाप्पिकी, दहा ज्युप्पिकी. ‘ह’चा कधी ‘प’ होतो, कधी ‘ब’. संधीचे नियम शिकलेल्या मराठी माणसाला याचं फार आश्चर्य वाटू नये. कुत्रा, मांजर, उंदीर, मासा, अगदी डासही हिकीनेच मोजतात. घोडा, गाय, हत्ती आले की ‘तोऽ’ लागतो. माणसाला उचलून कवेत घेता येईल तो प्राणी हिकी, त्याहून मोठा तोऽ, असा ढोबळ अंदाज पुरतो. अपवाद आहेतच. पक्ष्यांना ‘वा’ लागतो आणि परंपरेने सशालाही तोच. अंधांना वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा अनेकदा तोऽने मोजला जातो आणि कीटकशास्त्रज्ञ तर फुलपाखरंही तोऽनेच मोजतात.

मराठीत यासाठी वेगळं शेपूट नाही. ‘नेको गा साम्बिकी इमास’चं सरळ ‘तीन मांजरं आहेत’ होतं. इथे नपुंसकलिंग मदतीला येतं. त्या तिघांत बोका किती, हे जपानीनेही सांगितलेलं नसतं. ‘तीन मांजरी’ लिहिलं तर अनुवादकाने पदरचं काहीतरी घातलं अशी शंका येऊ शकते.

यंत्रांचा ‘दाई’ उच्चारायला सगळ्यांत सोपा, कारण तो बदलत नाही: इचिदाई, निदाई, सान्दाई. या शब्दाचा मूळ अर्थ चौथरा किंवा बैठक. मोटार, सायकल, संगणक, टीव्ही, धुलाईयंत्र, सगळ्यांना हा चालतो, पियानोलाही. विमानाला मात्र ‘की’ लागतो आणि आगगाडीच्या डब्यांना ‘र्‍योऽ’.

सोपा असलेला हा दाई मराठी अनुवादकाला मात्र छळतो. कारखान्याच्या अहवालात नुसतं ‘योन्दाई कोवारेमाश्ता’ असेल, तर चार यंत्रवजा वस्तू बिघडल्या एवढं नक्की कळतं. पण मराठी क्रियापदाला तेवढं पुरत नाही. गाड्या असतील तर ‘चार बिघडल्या’, संगणक असतील तर ‘चार बिघडले’, यंत्रं असतील तर ‘चार बिघडली’. जपानीने वस्तूचा वर्ग सांगितला, मराठी तिचं लिंग विचारते. मागची पानं उलटून ते नाम शोधून आणण्याला पर्याय नसतो. ‘चार नग बिघडले’ ही पळवाट मालाच्या यादीत खपते, पण रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींना नग म्हणणं कानाला खटकतं.

आणखी एक बारकावा क्रियापदाचा. जिवंत असेल तर ‘इमास’, निर्जीव असेल तर ‘आरिमास’ असं पुस्तकं शिकवतात. पण चालक आत बसलेली टॅक्सी कोपऱ्यावर थांबलेली असेल, तर जपानी माणूस ‘ताकुशी गा इचिदाई इमास’ असंही म्हणून जातो. मोजणी यंत्राची, क्रियापद सजीवाचं. मराठीत दोन्ही वेळा ‘एक टॅक्सी आहे’ एवढंच होतं. फारच गरज पडली तर ‘उभी आहे’ म्हणता येतं, पण आत कुणी बसलंय हे त्यातूनही कळत नाही.