लंडनमधले ‘गॅसचे स्फोट’

११ सप्टेंबर १९३९च्या रात्री लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांत पोलीस शिरले. ब्रिटिश सैन्य फ्रान्समध्ये पोहोचल्याचे फ्रेंच रेडिओने आधीच जाहीर करून टाकले होते, म्हणून ब्रिटनमध्येही ती बातमी छापायला परवानगी मिळाली होती. अंक छापून झाले, गठ्ठे रेल्वेत चढले आणि मग युद्धखात्याने घूमजाव केले. पोलिसांनी गाड्यांमधले गठ्ठे उतरवले, रस्त्यात मोटारी थांबवून लोकांच्या हातातले अंकसुद्धा काढून घेतले. पहाटेच्या सुमारास बंदी पुन्हा उठली. शत्रूला ठाऊक झालेली गोष्ट स्वतःच्या नागरिकांपासून लपवण्यात अख्खी रात्र गेली होती.

युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. माहिती मंत्रालय हे नवे खाते लंडन विद्यापीठाच्या ‘सेनेट हाऊस’ या उंच इमारतीत थाटले होते. पोस्टर, माहितीपट, पत्रके आणि बातम्यांवरची नजर असा सगळा कारभार तिथून चाले. पुढच्या दोन वर्षांच्या आतच या खात्याने चार मंत्री पाहिले.

ब्रिटिश सेन्सॉरशिप कागदोपत्री ऐच्छिक होती. संपादकाने मजकूर आधी दाखवलाच पाहिजे असे बंधन नव्हते. मात्र शत्रूच्या उपयोगाची माहिती छापली तर खटला होऊ शकत होता, आणि दाखवून मंजूर करून घेतलेल्या मजकुराला ती भीती नव्हती. त्यामुळे बहुतेक संपादक आपणहून मजकूर पाठवत. सेन्सॉर निळ्या पेन्सिलीने वाक्ये खोडत आणि शिक्का मारून कागद परत करत. शिवाय देशभरच्या वृत्तपत्रांना बऱ्याचशा बातम्या लंडनच्या वृत्तसंस्थांकडून मिळत. तिथेच चाळणी लावली की पुढच्या शेकडो कचेऱ्यांत चाळलेलाच मजकूर जाई. सैन्याच्या हालचाली, जहाजांच्या वेळा, हवामानाचा अंदाज यांवर बंदी होती. टीकेला आणि मतांना सहसा हात लावायचा नाही, असे धोरण होते. ते नेहमीच पाळले गेले नाही. ‘डेली वर्कर’ हे कम्युनिस्ट दैनिक जानेवारी १९४१मध्ये बंद करण्यात आले.

बातमी अडवणे हे अर्धे काम झाले. लोकांचे मन घडवणे हे दुसरे, आणि त्यात मंत्रालय सुरुवातीलाच चुकले. पहिल्या मोठ्या पोस्टरवर ‘तुमचे धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार आपल्याला विजय मिळवून देईल’ अशा अर्थाचा मजकूर होता. झीज सोसायची आम्ही आणि जिंकणार साहेबलोक, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. आज कप-टीशर्टांवर सर्रास दिसणारे ‘शांत राहा आणि पुढे चला’ हे त्याच मालिकेतले पोस्टर. त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या होत्या, पण त्या जवळजवळ सगळ्या गोदामात राहिल्या आणि पुढे लगद्यात गेल्या.

मंत्रालयाचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र जनतेच्या नजरेआड चालत होते. मेरी अ‍ॅडम्स या बीबीसीत टेलिव्हिजन कार्यक्रमांची निर्मिती केलेल्या बाई ‘होम इंटेलिजन्स’ विभागाच्या प्रमुख होत्या. मे १९४०पासून त्यांचा विभाग लोकांच्या मनःस्थितीचा रोज अहवाल तयार करू लागला. प्रादेशिक अधिकारी, ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेचे निरीक्षक, टपाल तपासणारे सेन्सॉर अशा अनेकांकडून दुकानांतल्या रांगांमध्ये आणि पबांत काय बोलले जाते ते गोळा होई. जर्मन रेडिओवरच्या ‘लॉर्ड हॉ हॉ’ या निवेदकाने आपल्या गावातले बंद पडलेले घड्याळसुद्धा नेमके सांगितले, अशी वदंता गावोगाव होती. मंत्रालयाने तपास केला. तसे प्रसारण कुठेच सापडले नाही. खात्रीची बातमी मिळाली नाही की लोक स्वतःच ती तयार करत होते.

जुलै १९४०मध्ये सरकारने नेमके उलटे पाऊल टाकले. ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम काढून अफवा पसरवणाऱ्यांना गप्प करा, असे आवाहन केले. त्याच सुमारास निराशा पसरवणारे बोलल्याबद्दल साध्यासुध्या माणसांवर खटले भरले जात होते. ज्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणता तेच इथे काढून घेता का, असा संताप अहवालांमधून वर येऊ लागला. २३ जुलैला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्येच ती मोहीम गुंडाळली. लोकांचे कान घेणारा सरकारी विभाग ही तशी अस्वस्थ करणारी गोष्ट, पण या वेळी त्याच विभागामुळे सरकारला माघार घ्यावी लागली.

त्याच आठवड्यात दुसरे एक मौन फुटले. १७ जूनला फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदराबाहेर ‘लँकास्ट्रिया’ हे सैनिकांनी आणि निर्वासितांनी खच्चून भरलेले जहाज जर्मन विमानांनी बुडवले. किमान तीन हजार माणसे गेली. त्या दिवसापुरत्या वाईट बातम्या पुष्कळ झाल्या, असे म्हणून चर्चिल यांनी ही बातमी रोखली. काही दिवसांनी बंदी उठवायची होती, पण घटनांच्या रेट्यात ते राहून गेले, असे त्यांनीच पुढे लिहिले. जुलैच्या अखेरीस अमेरिकेत बातमी छापली गेली, तेव्हा ती ब्रिटनमध्ये आली. तोवर बचावलेले सैनिक घरी पोहोचले होते आणि आपापल्या घरच्यांना सगळे सांगत होते.

बॉम्बहल्ल्यांच्या बातम्यांत शहरांची नावे सहसा नसत. हल शहर वर्षानुवर्षे ‘ईशान्य किनाऱ्यावरील एक गाव’ एवढ्याच नावाने छापले गेले. घरे आमची पडली आणि देशाला पत्ताही नाही, हे दुःख तिथल्या लोकांनी बाळगले. याउलट नोव्हेंबर १९४०मध्ये कोव्हेंट्री उद्ध्वस्त झाले तेव्हा दुसऱ्याच दिवशी शहराचे नाव जाहीर केले गेले. शत्रूचे क्रौर्य जगाला, विशेषतः अमेरिकेला, दिसायला हवे होते.

साम्राज्यात तर ही सवलतही क्वचित मिळे. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरच्या कापसाला आग लागली आणि दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. ब्रिटिश भारतातल्या सेन्सॉरने वृत्तपत्रांना परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

त्याच वर्षी लंडनमध्ये मौनाला खरे लष्करी कारण मिळाले. ७ सप्टेंबरला डंकन सँडिस यांनी, अखेरचे काही मारे वगळता, लंडनची लढाई संपल्याचे पत्रकारांना सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिझिकमधल्या स्टेव्हली रोडवर अचानक स्फोट झाला. घरे कोसळली, तिघे मेले, आणि विमानाचा आवाज कोणीच ऐकला नव्हता. ते व्ही-टू रॉकेट होते. ध्वनीपेक्षा वेगाने येत असल्यामुळे स्फोट आधी होई आणि त्याच्या येण्याचा आवाज मागाहून ऐकू येई. जर्मन तुकड्या हॉलंडमधून अंदाजाने मारा करत होत्या. रॉकेट कुठे पडले हे त्यांना दिसत नव्हते. लंडनच्या वृत्तपत्रात जागा आणि वेळ छापली असती तर त्यांना नेम सुधारता आला असता. म्हणून बातमी पूर्ण बंद ठेवली, आणि गॅसची वाहिनी फुटली असावी अशी समजूत पसरू दिली.

समजूत फार दिवस टिकली नाही. रॉकेटे पडतच राहिली, तेव्हा लंडनकर ‘उडत्या गॅसनळ्यां’बद्दल बोलू लागले. ८ नोव्हेंबरला जर्मनीनेच या अस्त्राची घोषणा केली आणि १० तारखेला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये ते मान्य केले. त्यानंतरही नेमकी ठिकाणे छापायला मनाई राहिली. लोकांनी ती मुकाट्याने पाळली, कारण आता ती कशासाठी आहे हे त्यांना कळले होते. रॉकेटांचा मारा मार्च १९४५पर्यंत चालला. मेरी अ‍ॅडम्स यांनी उभारलेला अहवालांचा विभाग मात्र त्याआधीच, १९४४च्या डिसेंबरअखेर, बंद झाला होता.