पावसाचा पीएच ५.६ येतो कुठून?

स्वच्छ हवेतला पाऊस सातच्या पीएचचा असेल, असं वाटतं. पण थेंब हवेतून येताना कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि थोडा आम्लधर्मी होतो. किती, ते पाहू.

हवेत हा वायू दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग आहे, म्हणजे त्याचा दाब ४२० मायक्रो-अॅटमॉस्फिअर. हेन्रीच्या नियमानुसार विरघळलेला वायू दाबाच्या प्रमाणात असतो. २५ अंश सेल्सिअसला स्थिरांक ०.०३४. गुणाकार केला की लिटरमागे १४.३ मायक्रोमोल. यातला अगदी थोडा भाग हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयनांत फुटतो. या विघटनाचा स्थिरांक, मायक्रोमोलच्याच एककात, ०.४४५:

[H⁺] × [HCO₃⁻] = ०.४४५ × १४.३ ≈ ६.४

पाण्यात दुसरं काही नसेल, तर प्रत्येक हायड्रोजन आयनाला एक बायकार्बोनेट जोडीदार असतो. दोन्ही संख्या सारख्या, म्हणून ६.४ चं वर्गमूळ काढायचं: सुमारे २.५ मायक्रोमोल. पीएच ५.६. या वर्गमुळामुळेच हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तरी पीएच जेमतेम ०.१५ ने उतरतो.

आता अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हबर्ड ब्रूक हे जंगल घेऊ. १९६३ पासून जीन लायकन्स आणि सहकाऱ्यांनी तिथलं पावसाचं पाणी तपासलं. सुरुवातीच्या वर्षांत वार्षिक सरासरी पीएच ४.१ च्या आसपास होता, म्हणजे सुमारे ८० मायक्रोमोल हायड्रोजन आयन, आपल्या हिशेबाच्या तीसपट. त्यामागे कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनलेलं सल्फ्युरिक आम्ल आणि ज्वलनातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनलेलं नायट्रिक आम्ल होतं.

इथे एक चूक हमखास होते: कार्बन डायऑक्साइडचे २.५ आणि या आम्लांचे ८० यांची सरळ बेरीज. वरचा गुणाकार मात्र ६.४ च राहतो. हायड्रोजन ८० झाला की बायकार्बोनेट ०.०८ वर येतं. तीव्र आम्लं आली की कार्बन डायऑक्साइडचा वाटा जवळपास पुसला जातो. म्हणून 'आम्लवर्षा कार्बन डायऑक्साइडमुळे होते' हे म्हणणं चूक आहे.

कारखान्यांपासून दूरही ५.६ क्वचितच मिळतो. समुद्री सूक्ष्मजीवांच्या गंधकयुक्त वायूंतून बनलेलं फक्त ५ मायक्रोमोल सल्फ्युरिक आम्ल लिटरभर पाण्यात आलं, तर त्यातून १० मायक्रोमोल हायड्रोजन आयन मिळतात. बायकार्बोनेटचा हिशेब धरून एकूण १०.६ होतात आणि पीएच ५ वर येतो. वनस्पतींपासून येणारी फॉर्मिक, अॅसेटिक ही आम्लंही भर घालतात.

उलट, भारतात अनेक ठिकाणी पीएच ५.६ च्या वर दिसतो, कारण चुनायुक्त धूळ आम्ल खाऊन टाकते. म्हणून नुसत्या पीएचवरून हवा स्वच्छ ठरवू नका. सल्फेट, नायट्रेट आणि कॅल्शियमही मोजा.