जर्मन विशेषणांचे प्रत्यय: तीन तक्त्यांचा गैरसमज

जर्मन विशेषणांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी निश्चित उपपदानंतरचा, अनिश्चित उपपदानंतरचा आणि उपपदाविना असे तीन वेगळे तक्ते पाठ करावे लागतात, असा समज रूढ आहे. वस्तुतः तिन्हींमागे प्रश्न एकच असतो, तो म्हणजे नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती यांची खूण उपपदावर दिसते की नाही. ती दिसत असल्यास विशेषणाला ‘-ए’ किंवा ‘-एन’ हा सौम्य प्रत्यय पुरतो. दिसत नसल्यास ती खूण विशेषणालाच घ्यावी लागते.

‘काफे’ हे नाम घेऊ. मराठीत कॉफी स्त्रीलिंगी असली तरी जर्मनमध्ये ती पुल्लिंगी आहे. वाक्याचा कर्ता असताना ‘डेर काल्टे काफे’ (ती थंड कॉफी) होते, कारण पुल्लिंगाची खूण ‘डेर’मध्येच आहे, पण ‘आइन’ या अनिश्चित उपपदाला येथे प्रत्ययच नसल्याने ‘आइन काल्टेर काफे’ असे लिहावे लागते आणि उपपद नसतानाही ‘काल्टेर काफे’च राहते. यावरून अनिश्चित उपपदानंतर नेहमी ‘-एर’ येतो असे मानणे चुकीचे ठरेल. ‘मिट’ (सह) या शब्दानंतर चतुर्थी येते आणि तेथे ‘डेम’प्रमाणे ‘आइनेम’लाही खूण असल्यामुळे ‘मिट डेम काल्टेन काफे’ आणि ‘मिट आइनेम काल्टेन काफे’ यांत विशेषण एकच राहते. उपपद गेले की मात्र ‘मिट काल्टेम काफे’ होते. ‘आइन’ प्रत्ययाविना राहते अशा जागा तीनच आहेत: पुल्लिंगी प्रथमा, नपुंसकलिंगी प्रथमा आणि नपुंसकलिंगी द्वितीया.

‘-एर’ म्हणजे पुल्लिंग, हा दुसरा गैरसमज आहे. ‘मिट काल्ट__ मिल्श’ या प्रश्नात जर्मनमध्ये दूध स्त्रीलिंगी असल्याने अनेक जण ‘काल्टे’ लिहितात. परंतु स्त्रीलिंगी ‘डी’चे चतुर्थीतील रूप ‘डेर’ असते, म्हणून योग्य उत्तर ‘काल्टेर’ आहे. तेव्हा जागा भरण्यापूर्वी येथे निश्चित उपपद असते तर ते कोणते आले असते, हे आधी ठरवावे. या युक्तीला ठळक अपवाद षष्ठीतील पुल्लिंगी व नपुंसकलिंगी एकवचनाचा आहे. तेथे बहुधा नामालाच ‘-स’ लागतो आणि विशेषण ‘-एन’ घेते.

मराठी भाषकांची एक चूक मराठीतूनच येते. ‘दूध थंड आहे’मध्ये ‘थंड’ बदलत नाही, पण ‘मुलगी चांगली आहे’मध्ये विशेषण लिंगानुसार बदलते, म्हणून जर्मनमध्येही तसा प्रत्यय लावण्याचा मोह होतो. पण जर्मनमध्ये ‘आहे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर विधेय म्हणून येणाऱ्या विशेषणाला कोणताच प्रत्यय लागत नाही, त्यामुळे ‘डी मिल्श इस्ट काल्ट’ हेच शुद्ध.

अनेकवचनात ‘आले’ (सर्व) आणि ‘फीले’ (पुष्कळ) सारखेच चालतात, असेही चुकीने मानले जाते. ‘आले’नंतर निश्चित उपपदासारखा ‘-एन’ येतो, म्हणून ‘आले काल्टेन टागे’ (सर्व थंड दिवस). ‘फीले’ मात्र उपपदाचे काम करत नाही, म्हणून ‘फीले काल्टे टागे’.