लोकअदालतीत पोटगीची तडजोड करताय? सहीनंतर अपील नाही, म्हणून अटी आधी नीट वाचा

पेठ : नवरा-बायकोचं भांडण, थकलेली पोटगी, मुलं कोणाकडे राहणार, असे वाद पेठ तालुक्यात बहुतेक वेळा आधी गावच्या बैठकीत येतात. करंजाळी असो, कोहोर असो की जोगमोडी, चार जाणती माणसं बसतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि स्टँप पेपरवर लिहून सह्या-अंगठे घेतात. पुढे दोन-तीन महिने पैसे येतात आणि मग बंद होतात. बाई तो कागद घेऊन कोर्टात गेली की कळतं, हा कागद पुरावा म्हणून दाखवता येईल, पण तो कोर्टाचा हुकूम नाही. त्याच्या जोरावर थेट वसुली होत नाही, आधी दावा लावावा लागतो.

लोकअदालतीत तसं नसतं. तिथे झालेल्या तडजोडीला निवाडा म्हणतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 21 प्रमाणे हा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच भक्कम असतो. तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो आणि त्याच्यावर कुठल्याही कोर्टात अपील करता येत नाही. जिंकल्यासारखं वाटो की हरल्यासारखं, सही झाली की विषय संपला. म्हणूनच अटी कशा लिहिल्या जातात याकडे सहीआधी नीट लक्ष द्यायला हवं.

काम कसं चालतं?

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. 2025 मध्ये ती 8 मार्च, 10 मे, 13 सप्टेंबर आणि 13 डिसेंबरला ठरवली होती. कोर्टात केस चालू असेल तर दोघांपैकी कोणीही ‘आमची केस लोकअदालतीत ठेवा’ असा अर्ज त्याच कोर्टात देऊ शकतो. केस दाखलच केलेली नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांना एकत्र बसवलं जातं.

यासाठी कोर्ट फी लागत नाही. चालू केसमध्ये आधी कोर्ट फी भरली असेल तर तडजोड झाल्यावर ती परत मिळते. वकील हवा असेल तर महिला, मुलं आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पेठसारख्या आदिवासी तालुक्यात म्हणजे जवळपास प्रत्येक घराला.

समोर पॅनल बसतं. त्यात न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, सोबत वकील किंवा सामाजिक कार्यकर्ता असतो. पॅनल समजावतं, मधला आकडा सुचवतं. पण निकाल देण्याचा अधिकार पॅनलला नाही. दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली’ असं नंतर म्हणायची वेळ येऊ देऊ नका. पटलं नाही तर सरळ नाही म्हणा. केस होती तशी आपल्या कोर्टात परत जाते आणि तुमचं काहीच बिघडत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, कोर्टाने बाईला महिना 3,000 आणि दोन मुलांना प्रत्येकी 1,500 अशी 6,000 रुपये पोटगी ठरवली आहे. नवरा कंपनीत कामाला आहे आणि हातात 18,000 पडतात. त्याने 20 महिने काहीच दिलं नाही, म्हणजे 1,20,000 रुपये थकले. बाईने थकबाकीसाठी वेळच्या वेळी अर्ज केलेले आहेत. प्रकरण लोकअदालतीत येतं.

बोलणी होऊन थकबाकी 90,000 वर येते. त्यातले 30,000 नवरा त्याच दिवशी देतो. उरलेले 60,000 सहा महिन्यांत, दरमहा 10,000 देईन म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण चालू पोटगीचे 6,000 धरले तर त्याला महिन्याला 16,000 द्यावे लागतील. 18,000 कमावणारा हे देऊ शकणार नाही. तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकणार आणि बाई पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढणार. त्यापेक्षा 60,000 चे 3,000 प्रमाणे 20 हप्ते केले तर महिन्याचा बोजा 9,000 होतो. हे जड आहे, पण पाळता येईल असं आहे. जो आकडा निभणार नाही तो बाईलाही नको आणि नवऱ्यालाही नको.

आता दुसरी गोष्ट. बाईने 30,000 सोडले. हप्ते आले नाहीत तर त्या 30,000 चं काय? निवाड्यात काही लिहिलं नसेल तर ते गेले, कारण थकबाकी 90,000 वर मिटली असंच कागद सांगतो. म्हणून एक अट लिहून घ्यायची : ‘सलग दोन हप्ते चुकल्यास सोडलेले 30,000 रुपयेही देणे लागतील आणि उरलेली सगळी रक्कम एकदम वसूल करता येईल.’ या एका वाक्याने हप्ते वेळेवर येण्याची शक्यता बरीच वाढते.

पैसे हातात देऊ-घेऊ नका. बाईच्या बँक खात्यात, दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत, असं खाते क्रमांकासह लिहा. नंतर ‘दिले होते, नव्हते’ हा वाद राहत नाही. यात नवऱ्याचाही फायदा आहे, कारण त्याच्याकडे भरल्याचा पुरावा राहतो.

कोणतं वाक्य महागात पडू शकतं?

तडजोड पुरसीस, म्हणजे अटी लिहिलेला कागद, बहुतेक वेळा ठरलेल्या नमुन्यात लिहिला जातो. त्यात ‘उभयता परस्पर संमतीने विभक्त राहत आहेत’ असं वाक्य सहज येऊन जातं. पोटगीच्या कायद्यात मात्र, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये (जुनं कलम 125), परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला पोटगी मागता येत नाही असं म्हटलं आहे. बाई त्रासामुळे माहेरी आलेली असते आणि कागदावर मात्र आपखुशीने वेगळी राहते असं होतं. वेगळं राहण्याचं खरं कारण काय ते लिहा, नाहीतर हे वाक्य काढायला सांगा.

दुसरं वाक्य : ‘यापुढे पोटगी मागणार नाही.’ एकरकमी पैसे घेऊन मिटवताना हे लिहिलं जातं. दोन लाख एकदम दिसतात तेव्हा मोठे वाटतात. पण महिना 6,000 ने ते तेहतीस-चौतीस महिन्यांत संपतात आणि धाकटं पोर तोवर चौथीतही गेलेलं नसतं. मुलांच्या पोटगीचा हक्क आई परस्पर सोडू शकत नाही. म्हणून मुलांची रक्कम वेगळी आणि बाईची रक्कम वेगळी, असंच लिहून घ्यावं. परिस्थिती बदलली तर पोटगीची रक्कम वाढवून किंवा कमी करून मागण्याची सोय कायद्यात आहे. तो हक्क राखून ठेवल्याचंही अटींमध्ये स्पष्ट यावं.

नवऱ्याच्या बाजूनेही एक काळजी हवी. एकाच भांडणातून पोटगीची, घरगुती हिंसाचाराची आणि पोलीस केस अशा तीन-तीन केस असतात. कुठली केस मिटली, कुठली मागे घ्यायची आणि कधी, हे नंबरासह लिहा. ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोडच करता येत नाही, तो लोकअदालतीत संपत नाही. ‘सगळं मिटलं’ समजून पुढची तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं.

घटस्फोट इथे मिळत नाही

लोकअदालतीत नवरा-बायकोचे वाद घेतात, पण घटस्फोट सोडून. तो संबंधित कोर्टातूनच घ्यावा लागतो. आदिवासी समाजाच्या लग्नांना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू होत नाही, त्यामुळे कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांत फारकतीचा प्रश्न समाजाच्या रूढीवर जातो. पण पोटगीचं कलम 144 जात-धर्म-जमात बघत नाही. ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

पैसे आले नाहीत तर?

निवाडा हा हुकूमनामा असल्याने पुन्हा दावा लावावा लागत नाही. थेट वसुलीची दरखास्त कोर्टात देता येते. पगार किंवा मालमत्तेवर जप्ती मागता येते. दरखास्तीला कायद्याने 12 वर्षांची मुदत आहे.

कलम 144 खालच्या पोटगीला वॉरंटचीही सोय आहे. न दिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र यात रक्कम देणं झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल हळूहळू’ म्हणून दोन वर्षं थांबलं तर वॉरंटने जुने महिने वसूल होत नाहीत. दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून ही रक्कम कलम 144 खालच्या पोटगीची आहे आणि हप्ते चुकल्यास कोर्टाचा मूळ हुकूम चालू राहील, असं निवाड्यात लिहून घेतलेलं चांगलं.

निवाडा रद्द होतो का?

मन बदललं, रक्कम कमी वाटली, घरचे ओरडले, या कारणांनी नाही. हायकोर्टात रिट याचिका हा एकच रस्ता आहे आणि तोही फार अरुंद. फसवणूक झाली, सही खोटी आहे, संमतीच नव्हती, अशा गोष्टी दाखवाव्या लागतात. पंजाब सरकार विरुद्ध जालौर सिंग या 2008 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात लोकअदालतीने दोन्ही बाजूंची तडजोड झालेली नसताना अपघाताची भरपाई स्वतःच वाढवून दिली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, तडजोड नाही तर तो निवाडाच नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला अशी याचिका मुंबईत हायकोर्टात करावी लागते. त्यापेक्षा सहीआधी अर्धा तास घेणं स्वस्त पडतं. अटी मोठ्याने वाचून घ्या. कोर्टाची मराठी समजली नाही तर आपल्या बोलीत समजावून सांगायला सांगा. अंगठा देणाऱ्याने तर हे केलंच पाहिजे. आकडा, तारीख, खाते क्रमांक आणि हप्ता चुकल्यास काय, या चार गोष्टी कागदावर दिसल्याशिवाय पेन हातात घेऊ नका. निवाड्याची प्रत पक्षकारांना मोफत मिळते. ती घेऊनच घरी जा, कारण पुढे दरखास्त द्यायची वेळ आली तर हाच कागद लागतो.

मोफत वकील किंवा पुढच्या लोकअदालतीच्या तारखेसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो.